चुकून आलेला अर्धा मेसेज: गप्प राहावं, कळवावं की फोन करावा?

उदाहरण म्हणून एक प्रसंग घेऊ. रविवारी मुलाकडची मंडळी मुलगी बघून गेली. बुधवारी रात्री पावणेदहाला मुलीच्या वडिलांच्या व्हॉट्सअॅपवर मुलाच्या आईचा मेसेज येतो: "वन्सं, मुलगी आम्हाला सगळ्यांनाच आवडली, पण पत्रिकेचं ह्यांच्या मनात अजून". पुढे काही नाही, पूर्णविरामसुद्धा नाही. पहिल्याच शब्दावरून कळतं की बाई नणंदेला लिहीत होत्या. वडिलांनी चॅट उघडलेलं आहे, त्यामुळे मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणाही तिकडे दिसल्या असणार.

आता त्यांच्यापुढे चार वाटा आहेत. गप्प राहायचं. मेसेज दुसऱ्या कुणासाठी होता एवढंच लिहून कळवायचं. फोन करायचा. किंवा सरळ मजकुरालाच हात घालून "पत्रिकेचं काय म्हणताय?" असं विचारायचं.

चौथी वाट आधीच बाजूला ठेवू, कारण तिच्यात दुसऱ्याचं न संपलेलं वाक्य आपण आपल्या मनाने संपवत असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि होकार-नकारही बहुतेक वेळा शेवटीच कळतो. वरच्या वाक्याची तीन टोकं बघा. "...ह्यांच्या मनात अजून बसत नाही." "...ह्यांच्या मनात अजून थोडं आहे, पण मी समजूत घालते." "...ह्यांच्या मनात अजून आलेलं नाही, तेव्हा तुम्हीही तो विषय काढू नका." पहिल्यात स्थळ मोडण्याच्या वाटेवर आहे, दुसऱ्यात बाई मुलीच्या बाजूने उभ्या आहेत आणि तिसऱ्यात पत्रिकेची अडचणच नाही. हातात आलेला मजकूर मात्र तिन्हींत अक्षर न अक्षर सारखा आहे. त्यावर प्रश्न विचारला की त्या बाईंना नवऱ्याच्या मनातलं, आणि तेही अर्धवट, परक्या माणसासमोर उलगडून सांगावं लागतं. "पण" या शब्दाने माणूस घाबरतो आणि पुढचं वाईटच असणार असं धरून चालतो. या घाईनेच अशा प्रसंगातलं बहुतेक नुकसान होतं.

उरल्या तीन वाटा. त्यांतली कोणती निवडायची हे ठरतं एका प्रश्नावर: मेसेज अर्ध्यावर थांबला का?

थांबण्याची कारणं आणि ती ओळखायच्या खुणा

सगळ्यात साधं कारण कीबोर्डचं आहे. कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप वेब उघडून लिहिताना `Enter` दाबलं की मेसेज जातो, नवीन ओळ सुरू होत नाही. नवीन ओळीसाठी `Shift + Enter` दाबावं लागतं. पत्र किंवा ईमेल लिहायची सवय असलेला माणूस परिच्छेद बदलायला एन्टर दाबतो आणि अर्धा मजकूर निघून जातो. अशा वेळी उरलेला भाग त्याच चॅटमध्ये मिनिटा-दोन मिनिटांत येतो, कारण चॅट चुकीचं आहे हे लिहिणाऱ्याच्या अजून लक्षातच आलेलं नसतं. वर नावाखाली "टायपिंग" सलग दिसत राहतं. ही खूण दिसली तर लगेच कळवणं हाच मोठेपणा आहे. उशीर केलात तर तुम्ही ऐकू नयेत अशी आणखी चार वाक्यं तुमच्याकडे येतील.

दुसरं कारण म्हणजे चूक मध्येच लक्षात येणं. चॅटची यादी नव्या मेसेजप्रमाणे वर-खाली होत असते. बोट टेकवायच्या क्षणी कुणाचा तरी मेसेज आला की नणंदेच्या जागी व्याह्यांचं नाव सरकतं. लिहिताना मान खाली, लक्ष अक्षरांकडे, आणि पाठवल्यावर वर नाव दिसतं. मग "टायपिंग" दिसतं, थांबतं, पुन्हा दिसतं, पुन्हा थांबतं. समोरचा माणूस काय लिहावं याच्या विवंचनेत आहे. इथे घाई करू नये. त्याच्या हातात अजून एक उपाय आहे, तो त्याला वापरू द्यावा.

हा उपाय म्हणजे मेसेज काढून टाकणं. `Delete for everyone` ही सोय 2017 मध्ये आली तेव्हा मुदत फक्त सात मिनिटांची होती. 2022 पासून ती दोन दिवसांहून थोडी जास्त आहे. काढल्यावर त्या जागी "मेसेज डिलीट केला" अशी ओळ राहते, म्हणजे काहीतरी होतं हे लपत नाही, पण मजकूर जातो. 2023 पासून पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलताही येतो.

इथेच एक फसगत होते, आणि ती माहीत असणं फार उपयोगाचं आहे. घाबरलेला माणूस `Delete for everyone` ऐवजी `Delete for me` दाबतो. मेसेज त्याच्या फोनवरून गायब होतो, तुमच्या फोनवर तसाच राहतो. ही चूक उलटवायला व्हॉट्सअॅप काही सेकंद `Undo` दाखवतं. ते हुकलं की त्या माणसाला तो मेसेज तुमच्याकडून काढायचा कोणताच मार्ग उरत नाही, कारण धरायला त्याच्याकडे मेसेजच नाही. त्याला वाटतं काम झालं. म्हणून दुसऱ्या दिवशी तो अगदी निर्धास्तपणे बोलायला लागला, तर तो निर्लज्ज आहे किंवा तुम्हाला गृहीत धरतोय असा अर्थ काढू नये. बहुधा तुमच्याकडे काही पोहोचलंच नाही अशी त्याची समजूत असते.

तिसरं कारण निव्वळ व्यत्यय: लिहिताना फोन आला, कुणी हाक मारली, हातातून फोन सुटला आणि बोट पाठवायच्या बटणावर पडलं. यात "टायपिंग" दिसत नाही, माणूस ऑनलाइनही राहत नाही. चूक झाली आहे हे त्याला तासाभराने, कधी सकाळी कळतं.

जुन्या पद्धतीचा एसएमएस असेल तर आणखी एक शक्यता धरावी. देवनागरीत लिहिलेल्या एका एसएमएसमध्ये 70 अक्षरखुणा मावतात (रोमन अक्षरांत 160), आणि काना-मात्रासुद्धा वेगळ्या मोजल्या जातात. त्याहून लांब मजकुराचे तुकडे होऊन जातात. एखादा तुकडा मागे राहिला की मेसेज अर्धा वाटतो, पण पाठवणाऱ्याने तो पूर्ण लिहिलेला असतो आणि त्याच्या फोनवर पूर्णच दिसत असतो.

तीन वाटा शेजारी शेजारी

| | लिहून कळवणं | गप्प राहणं | फोन करणं |
|---|---|---|---|
| समोरच्याला सावरायला वेळ | मिळतो | मिळतो, पण अंदाजात राहावं लागतं | मिळत नाही |
| निरोप योग्य माणसाकडे जाईल का | जवळजवळ नक्की | त्याच्या लक्षात आलं तरच | सर्वांत लवकर |
| अवघडलेपण किती | थोडं, थोडाच वेळ | दिसत नाही, पण टिकतं | खूप, पण लगेच संपतं |
| कधी | बहुतेक वेळा | त्यानेच मेसेज काढला असेल तर | वेळेचं किंवा जिवाचं काम असेल तर |

गप्प राहणं कुठे चालतं, कुठे महागात पडतं

गप्प राहणं सभ्य वाटतं, आणि एका प्रसंगी ते खरोखरच सर्वोत्तम आहे: तुम्ही कळवण्याआधी समोरच्याने मेसेज काढून टाकला तर. तुम्ही वाचलेला असो वा नसो, त्याने आपली चूक आपण निस्तरली आहे. त्यावर "काय डिलीट केलंत?" असं विचारणं म्हणजे मिटवलेली गोष्ट पुन्हा उघडणं. ओळखीतले लोक हे गमतीने विचारतात. त्या क्षणी समोरच्याला ती गंमत वाटत नाही.

मेसेज नोटिफिकेशनमध्येच दिसला आणि चॅट उघडलं नसेल, तर पाच-दहा मिनिटं ते उघडू नये. निळ्या खुणा उमटत नाहीत आणि मेसेज काढून टाकायला समोरच्याला मोकळीक मिळते. फार लोकांना ही साधी गोष्ट सुचत नाही. नोटिफिकेशनवर बोट सवयीने जातंच. मात्र मजकुरात औषध, गाडीची वेळ, पैसे, पत्ता असं काही असेल तर ही दहा मिनिटं थांबू नये.

चॅट उघडून झालं असेल तर गप्प राहण्याचा अर्थ बदलतो. निळ्या खुणा 2014 च्या अखेरीपासून आहेत आणि आता वाचल्याची खूण म्हणून सगळे त्या ओळखतात. बाईंना दिसतंय की मुलीच्या वडिलांनी वाचलंय. उत्तर नाही. मग त्या रात्रभर स्वतःचंच वाक्य त्यांच्या नजरेने वाचत बसतात, आणि सकाळी "रागावले असतील" या समजुतीने एक लांबलचक खुलासा लिहितात, ज्यात मूळ मेसेजमध्ये नव्हतं तेही सांगून टाकतात. समोरच्याची लाज राखायला म्हणून बाळगलेलं मौन असं त्याच्यावरच उलटतं.

खुणा बंद ठेवलेल्या असतील तर थोडी सूट मिळते. पण ती सोय दोन्हीकडून लागू होते, म्हणजे दुसऱ्यांनी वाचलं की नाही हे तुम्हालाही कळत नाही. आणि ग्रुपमध्ये ती चालतच नाही; तिथे पाठवणारा मेसेजची माहिती उघडून कुणी वाचलं ते पाहू शकतो.

गप्प राहण्यातला दुसरा धोका निरोपाचाच आहे. मेसेज कुणासाठी तरी होता, आणि तो त्याला मिळालेला नाही. "उद्या सकाळची गोळी देऊ नका, डॉक्टर म्हणाले की" एवढंच आलं आणि तुम्ही सौजन्य म्हणून गप्प बसलात, तर सकाळी गोळी दिली जाईल. तेव्हा मजकुरात कुणीतरी काही करायचं किंवा टाळायचं असेल, तर मौन हा पर्याय नाहीच.

लिहून कळवायचं तर शब्द कोणते

आमचं मत स्पष्ट आहे: बहुतेक प्रसंगी दोन छोट्या वाक्यांचा लेखी निरोप सगळ्यांत बरा. पण ती दोन वाक्यं नीट जुळावी लागतात. त्यांत मेसेज चुकीच्या ठिकाणी आलाय एवढंच असावं. मजकूर काय होता, कसा होता, पूर्ण होता की अपुरा, यातलं काही नको.

मुलीच्या वडिलांनी लिहायचं ते असं: "नमस्कार ताई. आत्ताचा मेसेज बहुतेक दुसऱ्या कुणासाठी होता, चुकून इकडे आलेला दिसतोय." एवढंच. यातला "बहुतेक" फार कामाचा आहे. चूक झाली हे आपण ठासून सांगत नाही, समोरच्याला मान डोलवायला जागा ठेवतो. "आलेला दिसतोय" हेही विचारपूर्वक आहे. "तुम्ही चुकून पाठवलात" म्हटलं की चूक माणसाची होते. "चुकून आलाय" म्हटलं की ती मेसेजची राहते. आणि "आत्ताचा मेसेज" म्हटल्यावर मजकुरातला एकही शब्द परत उच्चारावा लागत नाही. "पत्रिकेचा मेसेज" असं लिहिलंत तर तुम्ही वाचलं आणि त्यातलं नेमकं काय टिपलं, दोन्ही सांगितलंत.

"ताई" का, "वहिनी" का नाही? कारण मूळ मेसेज आतल्या नात्यातला होता आणि तो वाचून आपण अचानक जवळीक वाढवली असं वाटू नये. रविवारी ज्या संबोधनाने बोललो तेच ठेवावं. मित्र असेल तर "अरे, हा मेसेज माझ्यासाठी नव्हता बहुतेक" पुरे. सासूबाई असतील तर "आई, हा मेसेज बहुतेक दुसऱ्या कुणाला पाठवायचा होता का? माझ्याकडे आलाय." नेहमीपेक्षा जास्त औपचारिक झालात की समोरच्याला तो राग वाटतो, जास्त सलगी दाखवलीत की गुपित कळल्याचा आनंद वाटतो.

आता लोक ज्या उत्तरांनी गोष्ट बिघडवतात ती पाहू. नुसती दोन प्रश्नचिन्हं: घाईत सोपी, पण वाचणाऱ्याला ती जाब विचारल्यासारखी लागतात, आणि खुलासा करायची जबाबदारी त्याच्यावर पडते. हसणारा चेहरा: तुम्ही हलकं करायला टाकता, तिकडे तो आपल्या फजितीवर हसल्यासारखा दिसतो. "मी काही वाचलं नाही": हे खोटं आहे, आणि निळ्या खुणा समोर असताना ते पकडलंही जातं. पुढे तुमच्या खऱ्या शब्दावरही शंका येते. "काळजी करू नका, मी कुणाला सांगणार नाही": हेतू उत्तम, पण याने मजकूर लपवण्यासारखा होता असं तुम्हीच ठरवून टाकता. सांगू नका असं कुणी म्हटलं तरच हे वाक्य म्हणावं, तोवर नुसतं पाळावं.

लिहिण्याची पद्धतही बघायला हवी. मूळ मेसेजवर बोट सरकवून रिप्लाय करू नये, तर खाली नवा मेसेज लिहावा. कारण असं की रिप्लाय केल्यावर मूळ मजकुराचा तुकडा तुमच्या उत्तरावर चिकटतो, आणि नंतर बाईंनी आपला मेसेज सगळ्यांसाठी काढला तरी तुमच्या उत्तरातला तो तुकडा राहतो. त्यांना जे पुसायचं आहे त्याची प्रत तुम्हीच जपून ठेवलेली असते. ईमेलमध्ये तर मूळ पत्र उत्तराखाली आपोआप जोडलं जातं. ते हाताने खोडून मग पाठवावं, आणि उत्तर फक्त पाठवणाऱ्यालाच जातंय ना हे वरच्या नावांत पाहून घ्यावं.

वेळेचं म्हणाल तर, चॅट उघडलं असेल आणि "टायपिंग" अडखळत असेल तर पाच ते दहा मिनिटं थांबावं, मग लिहावं. सलग "टायपिंग" दिसत असेल तर ताबडतोब. अर्ध्या तासापलीकडे जाऊ नये. सकाळी आलेला "मेसेज चुकून आलाय" हा निरोप रात्रभर विचार करून पाठवल्यासारखा वाटतो, आणि समोरचा तो विचार काय असेल याचा अंदाज बांधतो. रात्री झोपेत आला आणि सकाळीच पाहिला असेल तर तसं लिहावं: "आत्ता पाहिला."

फोन

फोनचा गुण एकच, पण मोठा आहे: तो लगेच पोहोचतो. गोळीचं उदाहरण, "स्टेशनवर उतरून थांब, मी" असा लेकीसाठीचा मेसेज, पैसे कुठे भरायचे याचा निरोप, यांत लिहून वाट पाहणं चूक आहे. फोनवर पहिलं वाक्य पत्त्याचं आणि दुसरं कामाचं असावं: "तुमचा मेसेज माझ्याकडे आला, ज्यांच्यासाठी होता त्यांना तेवढा कळवा." आणि मग आपणच फोन ठेवायची तयारी दाखवावी.

बाकी वेळी फोन टाळावा. चूक उघड झालेल्या माणसाला त्याच क्षणी आवाजात उत्तर द्यावं लागतं, आणि गोंधळात तो एकतर अर्धं वाक्य पूर्ण करून टाकतो किंवा बनावट शेवट जोडतो. मुलीच्या वडिलांनी फोन केला असता तर बाई जवळजवळ नक्की पत्रिकेवर बोलल्या असत्या, आणि नवरा शेजारी बसला असता तर आणखीच अवघड. ज्येष्ठ माणसांच्या बाबतीत मात्र उलट होऊ शकतं. ज्या काकूंना मेसेज वाचायला जड जातं त्यांना लिहिलेली दोन वाक्यं दोन दिवस दिसणारही नाहीत. त्यांना फोनच करावा, आणि मेसेज कसा काढायचा ते त्यांनी विचारलं तर बटणाची नावं सांगावीत. `Delete for me` न दाबण्याचं आधी सांगावं.

मजकूर तुमच्याबद्दलच असेल तर

हा सगळ्यात कठीण प्रकार. "त्यांना बोलवायचं म्हणजे मग सगळं त्यांच्या मनासारखं, त्यापेक्षा" असा मेसेज ज्यांच्याबद्दल आहे त्यांनाच येतो. दोन विचार एकदम मनात येतात: आत्ताच सुनवावं, किंवा कळलंच नाही असं दाखवावं.

दोन्हींपेक्षा वरचाच निरोप बरा, एका फरकाने. "बहुतेक" काढून टाकावं: "हा मेसेज माझ्यासाठी नव्हता. इकडे आलाय." तुम्ही वाचलंय हे यातून कळतं, राग शब्दांत उतरत नाही, आणि पुढचं बोलायचं की नाही हे समोरच्याच्या हातात राहतं. बहुतेक माणसं यावर स्वतःहून फोन करतात, आणि तो फोन तुम्ही केलेल्या फोनपेक्षा वेगळा होतो, कारण त्यांना तयारी करायला वेळ मिळालेला असतो. त्यांनी माफी मागितली तर ती मूळ वाक्यासाठी मागतात की ते तुमच्याकडे आल्याबद्दल, हे नीट ऐकावं. नुसतं "अहो, चुकून आला" एवढंच आलं तर त्या वेळी वाद घालू नये. अर्धं वाक्य पुराव्यासारखं वापरलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "मी पुढे काय लिहिणार होते ते तरी बघायचं होतं," आणि ते उत्तर खोडता येत नाही.

ग्रुप, ऑफिस आणि अनोळखी नंबर

सोसायटीच्या किंवा घरच्या ग्रुपवर असा मेसेज आला तर ग्रुपवर काही लिहू नये. प्रत्येक उत्तराने तो मेसेज पुन्हा सगळ्यांच्या नजरेत येतो. पाठवणाऱ्याला खाजगीत लिहावं: "ग्रुपवर तुमचा एक मेसेज आलाय, तो बहुतेक तिथला नाही." इथे दहा मिनिटं थांबायचं कारण नाही, कारण वाचणारे मिनिटागणिक वाढत असतात. पाठवणारा सापडत नसेल तर ग्रुपच्या अॅडमिनला सांगावं. अॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी काढता येतो. हे करताना अॅडमिनला मजकूर सांगायची गरज नाही, वेळ सांगितली तरी पुरते.

ऑफिसच्या ईमेलमध्ये परत बोलावण्याची सोय तुटपुंजी आहे. जीमेलमध्ये पाठवणं रद्द करायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात. आउटलुकचं परत बोलावणं एकाच संस्थेच्या आत, आणि तिथेही नेहमी नाही, चालतं. त्यामुळे पगाराबद्दलचं किंवा कुणाच्या कामगिरीबद्दलचं अर्धं पत्र तुमच्याकडे आलं तर ते तुमच्याकडेच राहणार हे पाठवणाऱ्याला माहीत असतं. इथे एक वाक्य वाढवणं योग्य ठरतं: "पत्र माझ्याकडे चुकून आलं आहे, मी ते काढून टाकलं आहे." आणि खरंच काढून टाकावं, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही. कंपनीचे माहितीबद्दलचे नियम असतील तर काढण्याआधी ते पाहावेत; काही ठिकाणी असं पत्र आधी कळवावं लागतं.

अनोळखी नंबरवरून अर्धा, जिव्हाळ्याचा मेसेज आला तर वेगळी सावधगिरी हवी. फसवणूक करणारे असेच "चुकून" आलेले मेसेज टाकून ओळख वाढवतात. "नंबर चुकला आहे" एवढं एकदा लिहिणं पुरेसं. त्यानंतर माफी, कौतुक, फोटो, गुंतवणुकीच्या गोष्टी सुरू झाल्या तर ब्लॉक करावं. आणि "तुमच्या खात्यात चुकून पैसे गेले, परत पाठवा" असं असेल तर मेसेजवर विश्वास न ठेवता आधी बँकेचं खातं उघडून शिल्लक पाहावी. पैसे खरोखर आलेले दिसले तरी ते परत करायचे ते बँकेमार्फत.

उत्तर पाठवल्यानंतर

पुन्हा त्या बुधवारकडे. नऊ पंचेचाळीसला मेसेज आला. वडिलांनी चॅट उघडलं, "टायपिंग" दोनदा दिसून थांबलं. त्यांनी नऊ बावन्नला दोन वाक्यं पाठवली. आता तिकडून तीन प्रकारचं उत्तर येऊ शकतं.

"अय्या, सॉरी हं, नणंदेला पाठवत होते" असं आलं तर "काही हरकत नाही" म्हणून थांबावं. मूळ मेसेज काढला जातो किंवा नाही, तो त्यांचा प्रश्न. खुलासा आला, म्हणजे "पत्रिकेचं असं आहे की ह्यांच्या मनात", तर वाचावं, पण रात्री उत्तराला बसू नये. "मोकळेपणाने सांगितलंत हे बरं केलंत, उद्या निवांत बोलू" इतकं पुरे. आणि काहीच आलं नाही तर पुन्हा विचारू नये. निरोप पोहोचला आहे, पुढचं त्यांच्याकडे आहे.

या तिसऱ्या प्रकारात वडिलांच्या मनात पत्रिका घर करते, हे खरं. ती शंका मनात ठेवून मुलीला किंवा बायकोला "त्यांचं बहुतेक नाही म्हणायचं चाललंय" असं सांगणं टाळावं, कारण तीन शेवटांपैकी कोणता खरा हे त्यांनाही माहीत नाही. मध्यस्थाकडून चौकशी करणं त्याहून वाईट. मेसेज गेल्याची गोष्ट मध्यस्थाकडून परत मुलाच्या आईकडे जाते, आणि त्या रात्री सांभाळलेलं सगळं वाया जातं. ठरलेला दिवस असेल तोवर थांबावं. बघण्याच्या कार्यक्रमानंतर आठ-दहा दिवसांत कळवायचं असं बोलणं झालं असेल, तर त्या मुदतीला नेहमीसारखा फोन करावा आणि नेहमीचंच विचारावं: "आमच्याकडून काही माहिती हवी असेल, पत्रिका, शिक्षण, काहीही, तर सांगा." पत्रिका त्या यादीत इतर गोष्टींबरोबर येते, तिच्यावर जोर नसतो. खरंच अडचण असेल तर ती सांगायला बाईंना ही सोयीची जागा आहे, आणि नसेल तर त्या वाक्यात त्यांना काही वावगं दिसणार नाही.